नोंदीच्या टोकाचा झेड

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५च्या १ एप्रिलला सकाळी साडेदहाला एका प्रशिक्षण संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. तिथल्या प्रवेश अर्जांचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं-तिघं मिळून सांभाळतो. फोनवर कार्यालयातल्या मॅडम होत्या आणि त्या वैतागल्या होत्या. मिरजेहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. अर्ज भरायची मुदत ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत होती. मुलानं शुल्क भरलं तेव्हा बँकेचा मेसेज आला रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. पण कार्यालयातल्या स्क्रीनवर त्याच अर्जापुढे लाल अक्षरांत 'मुदतीनंतर' असं आलं होतं आणि पावतीची वेळ दिसत होती १ एप्रिल, पहाटे ५ वाजून २९ मिनिटं.

मागून वडिलांचा आवाज येत होता. "अहो मॅडम, पहाटे साडेपाचला आम्ही एस्टीत होतो. पोरगा कधी भरणार पैसे?" मॅडमनी फोन तोंडाशी धरून हळू आवाजात विचारलं, "मेसेज खोटा करता येतो का हो?"

त्या प्रश्नानं मला वाईट वाटलं. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला यंत्र, आणि अशा वेळी आपण चटकन यंत्राच्या बाजूनं उभे राहतो. मी म्हटलं, "तासभर द्या. लॉग बघून सांगतो."

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी. कोणी दार वाजवलं, काय मागितलं, आपण काय दिलं, कुठे अडलं, हे सगळं प्रोग्राम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीमागून ओळ लिहीत जातो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ असते. माणसाची सवय अशी की तो आकडे वाचतो आणि पुढे सरकतो. मात्र त्या आकड्यांच्या शेवटी एक बारीकशी शेपटी असते. कधी नुसतं `Z`, कधी `+05:30`, कधी `+0530`. ती शेपटी वाचल्याशिवाय आधीचे आकडे कुठल्या घड्याळातले हे कळत नाही. त्या मुलाचं प्रवेशाचं वर्ष या शेपटीवर अडकलं होतं.

ऑर्डर क्रमांक ४४७१. या क्रमांकाच्या सगळ्या ओळी मी शोधून काढल्या. पहिली ओळ वेबसर्व्हरची होती, म्हणजे ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती सर्वांत आधी जो घेतो त्या प्रोग्रामची. अनावश्यक भाग काढून ती अशी होती:

```
[31/Mar/2025:23:58:41 +0530] "POST /apply/pay" 200
```

ही वाचायला सोपी. ३१ मार्च, रात्री ११ वाजून ५८ मिनिटं ४१ सेकंद. शेवटचं `+0530` सांगतं की हे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे आपलं नेहमीचं, भिंतीवरचं घड्याळ. मुलानं 'शुल्क भरा' हे बटण दाबलं ते याच क्षणी.

दुसरी ओळ मुख्य प्रोग्रामची:

```
2025-03-31T18:28:44.917Z INFO payment started order=4471
```

इथे नवखा माणूस दचकतो. पैसे भरायला सुरुवात संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी? आणि बटण दाबलं रात्री बाराला दोन मिनिटं कमी असताना? या दोन ओळींमध्ये खरं तर तीन-साडेतीन सेकंदांचंच अंतर आहे. दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतायत, फक्त घड्याळं वेगळी आहेत.

ही दुसरी ओळ जरा सावकाश बघू, कारण आजकालच्या बहुतेक लॉगमध्ये वेळ अशीच लिहिलेली असते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मधलं `T` म्हणजे इथे तारीख संपली आणि वेळ सुरू झाली, एवढंच. मग तास, मिनिटं, सेकंद. टिंबानंतरचे `917` म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. लिहिण्याची ही रीत आयएसओ ८६०१ या नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकातून आली. ते १९८८मध्ये पहिल्यांदा निघालं, आणि इंटरनेटवर वापरण्यासाठी त्याचं आटोपशीर रूप २००२ साली आरएफसी ३३३९ या दस्तऐवजात ठरवलं गेलं. वर्ष आधी आणि दिवस नंतर, हा क्रम मुद्दाम निवडलेला आहे. असं लिहिलं की ओळी नुसत्या अक्षरक्रमानं लावल्या तरी काळाच्या क्रमानं लागतात. पण त्याला एक अट आहे: सगळ्या ओळींची शेपटी एकसारखी हवी. `23:59:20+05:30` आणि `18:29:22Z` यांना अक्षरक्रमानं लावलं तर आधी घडलेलं नंतर येतं आणि संगणक काहीच तक्रार करत नाही.

आता `Z`. हे अक्षर संगणकवाल्यांच्या फार आधीचं आहे, ते दर्यावर्दी मंडळींकडून आलं. पृथ्वीचे तासातासाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याला त्यांनी एकेक अक्षर दिलं. शून्य रेखांशापासून पूर्वेकडे ए, बी, सी असं एमपर्यंत, त्यात जे वगळून. पश्चिमेकडे एनपासून वायपर्यंत. आणि मधल्या शून्याच्या पट्ट्याला झेड. वायरलेसवर अक्षरं स्पष्ट ऐकू यावीत म्हणून प्रत्येकाला एक शब्द ठरलेला असतो, झेडचा शब्द 'झुलू'. म्हणून वैमानिक आणि हवामान खात्याची माणसं आजही या वेळेला झुलू टाइम म्हणतात. लॉगमधल्या `Z`चा अर्थही तोच: शून्य पट्ट्याची वेळ, जिला आज यूटीसी म्हणतात. पूर्वी लोक जीएमटी म्हणायचे, आणि लॉग वाचण्यापुरतं दोन्ही एकच धरलं तरी चालतं.

या अक्षरांच्या मांडणीत भारताला मात्र जागाच नाही. ई म्हणजे पाच तास पुढे, एफ म्हणजे सहा तास पुढे, आपण बरोबर मध्ये. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे. साडेब्याऐंशी भागिले पंधरा म्हणजे साडेपाच. १ जानेवारी १९०६पासून हे चालू आहे. त्यातही मुंबईनं हट्टानं आपलं घड्याळ वेगळं ठेवलं होतं. 'बॉम्बे टाइम' शून्य पट्ट्यापेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचा आणि शहरात काही ठिकाणी तो १९५५पर्यंत पाळला गेला. त्या काळात लॉग असते तर मुंबईतल्या एखाद्या ओळीच्या शेवटी `+04:51` आणि पुण्यातल्या ओळीच्या शेवटी `+05:30` असतं. सांगायचा मुद्दा हा की या शेपटीत पूर्ण तासच असतात असं नाही. नेपाळची शेपटी आजही `+05:45` आहे.

आता हिशेब. `+05:30` याचा अर्थ 'यात साडेपाच तास मिळवा' असा घेणारे खूप भेटतात, आणि ही चूक अगदी समजण्यासारखी आहे, कारण अधिकचं चिन्ह समोर दिसतंय. पण ते मिळवणं आधीच झालेलं असतं. ते चिन्ह सांगतं की हे आकडे साडेपाच तास मिळवून लिहिलेले आहेत. शून्य पट्ट्याची वेळ हवी असेल तर ते वजा करायचे. उलट शेवटी `Z` असेल तर आकडे मूळ आहेत, आपली वेळ हवी असल्यास आपण साडेपाच तास मिळवायचे. दुकानदार जसं सांगतो की 'किमतीत कर धरलेला आहे', तसं `+05:30` सांगतं की 'वेळेत साडेपाच तास धरलेले आहेत'. तो कर पुन्हा लावायचा नाही.

तोंडी हिशेबासाठी मी सहा तास मिळवून अर्धा तास काढतो. १८:२८मध्ये सहा मिळवले की २४:२८, त्यातून अर्धा तास गेला की २३:५८. म्हणजे रात्रीचे ११:५८, पहिल्या ओळीशी जुळलं. ज्यांना तोंडी नको त्यांच्यासाठी लिनक्सवर एक साधी आज्ञा आहे:

```
TZ=Asia/Kolkata date -d "2025-03-31T18:28:44Z"
```

उत्तर येतं `Mon Mar 31 23:58:44 IST 2025`. मी तोंडी हिशेब करूनही ही आज्ञा चालवतोच, विशेषतः समोर कोणाचं नुकसान अडकलं असेल तेव्हा.

एका ठिकाणी मात्र हिशेब बरोबर असूनही माणूस फसतो, ते म्हणजे तारीख. आपल्याकडे मध्यरात्री बाराला तारीख बदलते तेव्हा `Z`च्या घड्याळात आदल्या दिवसाचे साडेसहाच वाजलेले असतात, १८:३०. तिथली तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला. म्हणून रात्री साडेबाराला काही बिघडलं आणि तुम्ही सकाळी लॉगमध्ये आजची तारीख शोधली तर काहीच सापडत नाही. नोंद कालच्या तारखेत असते, संध्याकाळच्या सात वाजताची वाटणारी. कितीतरी वेळा 'लॉगमध्ये काहीच नाही, ग्राहकाचाच गैरसमज दिसतोय' असं उत्तर फक्त यामुळे दिलं जातं. नव्या मुलांना मी हे समजावताना पंचांगाचं उदाहरण देतो. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. पहाटे तीनला जन्मलेल्या बाळाचा वार आजी आदल्या दिवसाचा सांगते आणि दाखल्यावर पुढची तारीख असते, तरी दोघंही खरं बोलत असतात. `Z`चा दिवस आपल्याकडे साधारण असाच, उजाडायच्या सुमाराला सुरू होतो. हे एकदा लक्षात बसलं की लॉग शोधताना हात आपोआप दोन्ही तारखांकडे जातो.

पुन्हा ४४७१कडे येतो. तिसरी ओळ अशी:

```
2025-03-31T18:29:21.660Z INFO gateway says paid order=4471
    paid_at=2025-03-31T23:59:20+05:30
```

या एका नोंदीत दोन घड्याळं आहेत. डावीकडची वेळ आमच्या प्रोग्रामची, 'मला निरोप मिळाला' त्या क्षणाची. `paid_at` ही पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीनं कळवलेली वेळ, 'पैसे जमा झाले' त्या क्षणाची. एकीला `Z`, दुसरीला `+05:30`. दुसरीतून साडेपाच तास वजा केले की १८:२९:२०. निरोप पोहोचला १८:२९:२१.६६०ला. पावणेदोन सेकंदांच्या आतलं अंतर, म्हणजे अगदी जसं असायला हवं तसं. मुदत संपत होती मध्यरात्री बाराला, `Z`च्या घड्याळात १८:३०:००ला. पैसे त्याआधी चाळीस सेकंद जमा झाले होते. बँकेचा मेसेज खरा होता.

मग 'मुदतीनंतर' आलं कुठून? चौथी आणि पाचवी ओळ:

```
2025-03-31T23:59:22.103Z RECEIPT order=4471
2025-03-31T18:29:22.140Z WARN order=4471 late:
    2025-03-31T23:59:22.103Z > 2025-03-31T18:30:00Z
```

चौथी ओळ पावती तयार करणाऱ्या एका जुन्या, वेगळ्या प्रोग्रामची. तिच्याकडे मी बराच वेळ नुसता बघत बसलो. शेवटी `Z` आहे, म्हणजे आकडे शून्य पट्ट्याचे हवेत. पण ती म्हणते २३:५९:२२. हे खरं मानायचं तर पावती आपल्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटं २२ सेकंदांनी झाली, आणि मॅडमच्या स्क्रीनवर नेमकं हेच दिसत होतं. पण लगेच खालची पाचवी ओळ याच पावतीचा निकाल लावते आणि तिची स्वतःची वेळ आहे १८:२९:२२.१४०. म्हणजे पावती होण्याच्या साडेपाच तास आधी तिच्यावर निर्णय झाला? असं होऊ शकत नाही. कारण आधी, परिणाम नंतर, हा क्रम घड्याळ कोणतंही असलं तरी मोडत नाही.

दोन्ही ओळींतला फरक काढला. तासांचे आकडे सोडले तर ३७ हजारांश सेकंद, आणि तासांचा फरक बरोबर पाच तास तीस मिनिटं. घड्याळ बिघडून पुढे-मागे गेलं तर फरक वेडावाकडा येतो: सात मिनिटं अकरा सेकंद, तीन तास दोन मिनिटं, असं काहीतरी. पूर्ण साडेपाच तास येतात ते फक्त एका कारणानं. आकडे भारतीय वेळेचे होते आणि त्यांच्यामागे `Z` नुसता चिकटवलेला होता.

प्रोग्राम उघडल्यावर ती ओळ सापडली. जावा भाषेत लिहिलेली:

```java
new SimpleDateFormat("yyyy-MM-dd'T'HH:mm:ss.SSS'Z'")
```

`Z`च्या दोन्ही बाजूंची एकेरी अवतरणचिन्हं बघा. अवतरणात टाकलेलं अक्षर जसंच्या तसं छापायचं, असा इथला नियम आहे. `T`ला ते योग्य आहे, कारण `T` हा केवळ विभाजक. पण `Z`लाही अवतरणात टाकलं की तो वेळेबद्दलचं विधान उरत नाही, नुसतं एक छापील अक्षर होतो. हा प्रोग्राम यंत्राच्या स्थानिक घड्याळातली वेळ घेतो, ती कुठलीही असो, आणि शेवटी `Z` लावून देतो. ही ओळ जगभरातल्या कितीतरी प्रोग्राममध्ये आहे. उदाहरणातून उतरवून घेतलेली असते आणि दिसायला तंतोतंत मानकासारखी दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

मग इतके दिवस ती सुखानं कशी चालली? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळालं तेव्हा चूक आमचीच होती हे मान्य करावं लागलं. आधी हा पावतीचा प्रोग्राम ज्या सर्व्हरवर होता त्याचं घड्याळ यूटीसीवर लावलेलं होतं. तिथे स्थानिक वेळ आणि शून्य पट्ट्याची वेळ एकच, त्यामुळे चिकटवलेला `Z` योगायोगानं खरा ठरत होता. फेब्रुवारीत आम्ही सगळं नव्या यंत्रावर हलवलं आणि त्याचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं. हेतू चांगला होता, कार्यालयातल्या लोकांना लॉग वाचायला सोपे जावेत. मुख्य प्रोग्राम त्याच यंत्रावर पण आपल्या बंदिस्त डब्यात चालतो, ज्याला कंटेनर म्हणतात, आणि त्या डब्यातलं घड्याळ यूटीसीवरच राहिलं. त्यामुळे त्याचा `Z` खरा, पावतीचा खोटा, आणि वेबसर्व्हर आपली `+0530` ही शेपटी प्रामाणिकपणे लावत होता. एकाच यंत्रावर तीन प्रोग्राम, आणि त्यातल्या एकाच्याच वेळेवर विश्वास ठेवता येत नव्हता.

फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या पावत्या साडेपाच तास पुढच्या वेळेच्या होत्या. पण मुदत लांब होती तोवर त्यानं कोणाचं काही अडलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. खूण मात्र समोर होती. मी महिन्याभराच्या पावत्या तासांप्रमाणे मांडल्या तेव्हा स्क्रीनवरच्या वेळेनुसार सगळ्यात जास्त अर्ज पहाटे अडीच ते चारच्या मध्ये भरलेले दिसले. मुलं रात्री नऊ-दहाला, जेवणं उरकल्यावर, घरातल्या मोठ्यांचा फोन किंवा कार्ड घेऊन पैसे भरतात. पहाटे तीनला एवढी मुलं कुठून जागी असणार? अशी गर्दी भलत्या तासाला दिसली की समजावं, लोक नाही, घड्याळ सरकलंय.

आता खरी काळजीची गोष्ट पुढे आली. खोट्या `Z`मुळे प्रत्येक पावती साडेपाच तास उशिरा धरली जात असेल, तर फक्त शेवटच्या मिनिटाला आलेला मुलगाच अडकला असं होणार नाही. तुलना होत होती १८:३०:००Zशी, आणि पावतीवर आकडे भारतीय वेळेचे होते. म्हणजे ३१ मार्चला संध्याकाळी साडेसहानंतर आलेला प्रत्येक अर्ज मुदतीबाहेर गेला असणार. माझं निदान बरोबर असेल तर यादीत एक ठळक रेघ दिसायला हवी. मी यादी काढली. वेबसर्व्हरच्या नोंदीनुसार संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी आलेला अर्ज स्वीकारलेला. ६ वाजून ३४ मिनिटांचा नाकारलेला. तिथून रात्री बारापर्यंत एकूण सतरा अर्ज, सगळेच्या सगळे नाकारलेले. मिरजेचा मुलगा तेवढा वडिलांना घेऊन दारात आला होता, बाकीचे सोळा कदाचित आपलंच काही चुकलं असं समजून गप्प बसले होते.

मॅडमना फोन केला. त्यांना `Z` वगैरे सांगत बसलो नाही. म्हटलं, "मेसेज खरा आहे. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, आणि आणखी सोळा मुलं आहेत." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "नावं पाठवा. एकेकाला मी स्वतः फोन करते."

दुरुस्ती छोटीशी होती. ती ओळ काढून तिच्या जागी `Instant.now().toString()` एवढंच टाकलं. यात `Z` हातानं चिकटवायचा नसतो. भाषा स्वतः शून्य पट्ट्याची वेळ घेते आणि मगच त्यामागे `Z` लिहिते. जुन्या नोंदी मात्र मी तशाच ठेवल्या. लॉगमधला मजकूर मागाहून बदलायचा नसतो, चुकीचा असला तरी, कारण उद्या कोणी पुन्हा तपासायला बसलं तर त्याला काय घडलं तेच दिसायला हवं. पावत्यांच्या कोष्टकात 'दुरुस्त वेळ' असा वेगळा रकाना केला आणि फेब्रुवारीतल्या स्थलांतरानंतरच्या प्रत्येक पावतीतून साडेपाच तास वजा करून तो भरला. दर ओळ वेबसर्व्हरच्या वेळेशी ताडून पाहिली, फरक काही सेकंदांपलीकडे कुठेच गेला नाही.

शेपटीनं कळत नाहीत अशाही काही गोष्टी आहेत आणि त्याही मनात ठेवायला हव्यात. `+05:30` म्हणजे भारत असं नाही, श्रीलंकेचीही शेपटी तीच आहे. ती फक्त अंतर सांगते, गाव सांगत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या नातेवाइकांना फोन करताना आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मोजतो, तसंच तिथल्या लॉगमध्ये उन्हाळ्यात `-04:00` आणि हिवाळ्यात `-05:00` दिसतं. गाव तेच, शेपटी दोन. झालेल्या घटनेसाठी शेपटी पुरते, पण 'दर सोमवारी सकाळी नऊला' असं पुढचं काही ठरवायचं असेल तर गावाचं नाव लागतंच.

दुसरं म्हणजे `Z` हे घड्याळ बरोबर असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. यंत्राचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल तर ते चार मिनिटं मागची वेळ लिहून तिच्यापुढे बिनदिक्कत `Z` लावेल. म्हणून सर्व्हरची घड्याळं सतत एखाद्या विश्वासू वेळेशी जुळवून घ्यावी लागतात. भारतात ती वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जोडायला आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायला सांगितलं आहे. त्या सकाळी आमच्या यंत्राचं घड्याळ मी सर्वांत आधी तपासलं होतं. ते जुळलेलं होतं, म्हणूनच सेकंदांच्या हिशेबाला काही अर्थ राहिला.

आणि सगळ्यात अवघड ती ओळ जिला शेपटीच नाही. `2025-03-31 23:59:22` एवढंच. किंवा शेवटी `IST` अशी तीन अक्षरं, जी भारताची असू शकतात, आयर्लंडच्या उन्हाळ्याची असू शकतात आणि इस्रायलचीही. अशा ओळीचं घड्याळ ओळखायचं तर तिच्याजवळ एखादी शेपटीवाली ओळ शोधावी लागते, जी त्याच घटनेबद्दल बोलते. मग दोघींमधला फरक बघायचा. शून्य आला तर घड्याळ एकच, साडेपाच तास आला तर काय ते कळलं. खोटा `Z`ही मी असाच पकडला होता, शेजारच्या ओळीवरून.

दुपारी दोनच्या सुमाराला मिरजेच्या त्या गृहस्थांनी मॅडमच्या फोनवरून माझ्याशी बोलायचा आग्रह धरला. मी माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू द्या हो. मला फक्त एवढं सांगा, ते पहाटेचं साडेपाच आलं कुठून?" मी त्यांना कागद घ्यायला सांगितला. त्यावर २३:५९ लिहा म्हटलं, खाली त्यात ५:३० मिळवा. पेनाचा आवाज ऐकू आला. मग ते म्हणाले, "एकोणतीस एकोणतीस… म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पाच एकोणतीस." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण मिळवायचं कशाला? ती आपलीच वेळ होती ना?"